ज्येष्ठांच्या पाहणीत ‘थोडी अडचण’ म्हणजे किती?

लालबाग-परळमधली मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ आरोग्य शिबिराआधी वस्तीत छोटीशी पाहणी करतात. तिच्यात एक प्रश्न हटकून असतो: गेल्या तीस दिवसांत चालण्याफिरण्यात तुम्हाला किती अडचण आली? उत्तरासाठी पाच चौकोन दिलेले असतात: अजिबात नाही, थोडी, मध्यम, खूप, अतिशय. फॉर्म गोळा होतात, बेरीज होते, आणि पुष्कळदा असं दिसतं की चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांना अडचण कमी आहे, तर शेजारच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना जास्त. मग फिजिओथेरपीचं शिबिर टॉवरच्या आवारात घ्यायचं ठरतं.

हा निष्कर्ष खराही असू शकतो. रोज जिना चढणाऱ्याचे पाय मजबूत राहिले असतील. पण तो साफ खोटाही असू शकतो, आणि या फॉर्मवरून खरं काय ते कळायला मार्ग नाही. कारण फॉर्ममध्ये दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, माणसाच्या पायांची खरी स्थिती. दुसरी, कितपत दुखलं की तो त्याला ‘अडचण’ म्हणतो. गिरणीच्या लूम खात्यात उभ्या पाळ्या काढलेला माणूस गुडघेदुखी गृहीतच धरतो. सार्वजनिक संडास वऱ्हांड्याच्या टोकाला असलेल्या चाळीत दिवसातून दहा फेऱ्या घालणं हे त्याच्या लेखी चालणं नव्हेच. उलट, नियमित तपासणी करून घेणाऱ्या आणि डॉक्टरांशी गुडघ्यांबद्दल बोलायची सवय असलेल्या माणसाला तेवढंच दुखणं ‘मध्यम’ वाटतं.

अमर्त्य सेन यांनी 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. आयुर्मान आणि साक्षरता यांत पुढे असलेल्या केरळात लोक स्वतःहून सर्वांत जास्त आजार सांगत होते, आणि आयुर्मान कमी असलेल्या बिहारमध्ये सर्वांत कमी. नुसत्या सांगण्यावर विसंबलं, तर बिहार केरळपेक्षा निरोगी ठरवावा लागला असता. गिरगावातली चाळ आणि तिच्या जागी उभा राहिलेला टॉवर यांत अंतर एका गल्लीचं असलं तरी अडचण हीच आहे.

ती सोडवण्याचा एक चांगला मार्ग आहे. अभ्यासक त्याला ‘अँकरिंग व्हिनेट’ म्हणतात. इथे त्याला ‘नमुना-वर्णन’ म्हणू. माणसाला फक्त त्याच्या स्वतःबद्दल विचारायचं नाही. दोन-तीन काल्पनिक माणसांची छोटी, ठाशीव वर्णनं वाचून दाखवायची आणि त्यांची अडचण किती ते त्याच पाच चौकोनांत सांगायला लावायचं. ही माणसं सगळ्यांसाठी एकच असतात. त्यामुळे त्यांच्याबद्दलची उत्तरं वेगळी आली, तर तो फरक पायांचा असू शकत नाही. तो उत्तर देणाऱ्याच्या मोजपट्टीचा असतो. एकदा मोजपट्टी कळली की स्वतःबद्दलचं उत्तर तिच्यावर ठेवून वाचता येतं.

गॅरी किंग, ख्रिस्तोफर मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत 2004 साली एका गाजलेल्या लेखात मांडली. त्यांचं उदाहरण राजकारणातलं होतं. सरकारी निर्णयांत आपलं किती चालतं, या प्रश्नावर चीनमधले लोक मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा वरचढ उत्तर देत होते. नमुना-वर्णनांच्या आधारे वाचल्यावर हा क्रम उलटा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने याच सुमारास अनेक देशांत केलेल्या जागतिक आरोग्य पाहणीत ही वर्णनं वापरली. भारतात ती पाहणी 2003 साली सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र होता, आणि काम केलं देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने. पुढे 2007-08 मध्ये वृद्धत्वाच्या ‘सेज’ पाहणीत त्याच संस्थेने त्याच सहा राज्यांत पुन्हा असे प्रश्न विचारले. म्हणजे मुंबईला हे तंत्र नवखं नाही. वस्तीपातळीवरच्या पाहण्यांत ते उतरलेलं नाही, एवढंच.

आता लालबागच्या पाहणीसाठी वर्णनं कशी लिहायची ते पाहू. तीन पुरतात. एक हलक्या अडचणीचं, एक मधलं, एक जड. पुरुष उत्तरदात्यासाठी ती अशी असू शकतात.

सुरेशराव सपाट रस्त्यावर न थांबता अर्धा तास चालतात. सलग चाळीस पायऱ्या चढल्या की एक-दोन मिनिटं उभे राहतात आणि मग कामाला लागतात.

विलासराव सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालले की त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना बसावं लागतं. वीस पायऱ्या चढताना ते कठडा धरतात आणि मध्ये एकदा थांबतात.

मनोहरराव घरातल्या घरात भिंत धरून चालतात. पाच-सहा पायऱ्यांनंतर त्यांना थांबावं लागतं, आणि दुसऱ्या माणसाचा आधार असल्याशिवाय ते जिना चढत नाहीत.

या वाक्यांत काय नाही, ते पाहण्यासारखं आहे. ‘थोडा दम लागतो’ किंवा ‘खूप दुखतं’ असं कुठेही नाही. उत्तराच्या चौकोनातला शब्द वर्णनात आला, की ऐकणारा विचार न करता तोच शब्द परत देतो आणि त्याची मोजपट्टी कधीच कळत नाही. वर्णनात फक्त डोळ्यांना दिसेल अशी वागणूक असावी: किती वेळ चालतो, कितव्या पायरीला थांबतो, काय धरतो.

‘मजला’ हा शब्दही मुद्दाम टाळला आहे. गिरगावातल्या जुन्या चाळीचा उभा लाकडी जिना आणि नव्या इमारतीचा जिना यांत एका मजल्यामागे पायऱ्यांची संख्या सारखी नसते, चढही सारखा नसतो. ‘विलासराव एक मजला चढून थांबतात’ असं म्हटलं, तर प्रत्येकजण आपल्या घरचा मजला डोळ्यांपुढे आणतो आणि दोघांच्या मनात दोन वेगळे विलासराव उभे राहतात. तेच स्थानिक खुणांचं. ‘दादर स्टेशनचा पूल चढताना थांबतात’ असं लिहायचा मोह होतो. वाक्य जिवंत वाटतं. पण ज्याने तो पूल गर्दीत रोज ओलांडला आहे आणि जो वर्षानुवर्षं गाडीनेच फिरतो, त्या दोघांना तो पूल सारखा उंच नाही. ‘मनोहरराव आठवड्यातून एकदाच खाली उतरतात’ हेही चालणार नाही. लिफ्ट नसलेल्या चाळीत त्याचा अर्थ पाय थकले असा होतो. लिफ्ट असलेल्या टॉवरमध्ये त्याचा अर्थ माणूस एकटा पडला किंवा उदास आहे असा होतो. पायऱ्यांचा आकडा रुक्ष वाटला तरी तोच घ्यावा.

एका वर्णनात एकच विषय ठेवा. मनोहररावांना दिसतही कमी, असं जोडलं की उत्तर पायांचं की डोळ्यांचं ते कळत नाही. नावं नुसती पहिली ठेवा. आडनाव आलं की या भागात जात, गाव आणि परिस्थिती सगळं कानावर पडतं, आणि ऐकणारा त्यानुसार सहानुभूती वाटून देतो. स्त्रियांसाठी हीच वर्णनं सुनंदाबाई, विमलबाई, मंगलाबाई अशा नावांनी वाचावीत, म्हणजे ‘बाईमाणसाला एवढं चालायचंच’ असली तुलना मध्ये येत नाही. सुरुवातीला एक वाक्य सगळ्यांना सारखंच सांगा: ही तिन्ही माणसं तुमच्याच वयाची आणि तुमच्यासारख्याच परिस्थितीत राहणारी आहेत असं समजा.

विचारण्याच्या पद्धतीत क्रम महत्त्वाचा. आधी स्वतःबद्दल आणि मग वर्णनं, असाच प्रघात बरीच वर्षं होता. हॉपकिन्स आणि किंग यांनी 2010 साली दाखवलं की वर्णनं आधी विचारणं फायद्याचं ठरतं. आधी तीन माणसं ऐकली की प्रश्नातली ‘अडचण’ कोणत्या जातीची आहे ते उत्तर देणाऱ्याला कळतं, आणि तो स्वतःला त्याच नजरेने पाहतो. तीन वर्णनं मात्र हलक्याकडून जडाकडे अशी रांगेने वाचू नयेत. फॉर्मचे दोन-तीन नमुने छापून त्यांत क्रम बदलावा. प्रश्नाचे शब्द दोन्हीकडे हुबेहूब तेच हवेत: ‘विलासरावांना चालण्याफिरण्यात किती अडचण आहे असं तुम्ही म्हणाल?’ आणि ‘तुम्हाला चालण्याफिरण्यात किती अडचण आहे असं तुम्ही म्हणाल?’ एका ठिकाणी ‘अडचण’ आणि दुसरीकडे ‘त्रास’ असं झालं, तर सगळी मेहनत वाया.

आता हिशेब. समजा दोन काल्पनिक फॉर्म आपल्यापुढे आहेत. चौकोनांना ‘अजिबात नाही’पासून ‘अतिशय’पर्यंत 1 ते 5 असे आकडे दिले आहेत.

पहिला फॉर्म लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त गिरणी कामगाराचा. स्वतःबद्दल त्यांनी ‘थोडी’ म्हटलं, म्हणजे 2. सुरेशरावांना 1, विलासरावांनाही 1, आणि मनोहररावांना 2. दुसरा फॉर्म परळच्या टॉवरमधल्या निवृत्त अधिकाऱ्याचा. स्वतःबद्दल ‘मध्यम’, म्हणजे 3. सुरेशरावांना 2, विलासरावांना 3, मनोहररावांना 5.

नुसते स्वतःबद्दलचे आकडे पाहिले तर टॉवरमधल्या गृहस्थांची अडचण जास्त: 3 विरुद्ध 2. आता प्रत्येकाला त्याच्याच मोजपट्टीवर ठेवा. टॉवरमधले गृहस्थ स्वतःला विलासरावांच्या बरोबरीने धरतात, म्हणजे दहा मिनिटं चालून बसावं लागणाऱ्या माणसाच्या. चाळीतले आजोबा स्वतःला मनोहररावांच्या बरोबरीने धरतात, म्हणजे भिंत धरून चालणाऱ्या माणसाच्या. भिंत धरून चालण्याला ते ‘थोडी अडचण’ म्हणतात, म्हणून त्यांचा आकडा लहान आला. शिबिराची गरज कोणाला जास्त आहे, ते आता उघड आहे.

हे सगळ्या फॉर्मांसाठी एकाच रीतीने करायला सात पायऱ्यांची पट्टी वापरतात. माणूस स्वतःला सुरेशरावांपेक्षा बरा समजत असेल तर 1, त्यांच्या बरोबरीने 2, सुरेशराव आणि विलासराव यांच्या मध्ये 3, विलासरावांच्या बरोबरीने 4, विलासराव आणि मनोहरराव यांच्या मध्ये 5, मनोहररावांच्या बरोबरीने 6, त्यांच्याहूनही वाईट 7. आपल्या उदाहरणात चाळीतल्या आजोबांना 6 मिळतात आणि टॉवरमधल्या गृहस्थांना 4. हे काम कागदावर किंवा एक्सेलमध्ये होतं, कोणतंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त या आकड्यांची सरासरी काढू नका. ते क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. अहवालात ‘विलासरावांइतकी किंवा त्याहून जास्त अडचण असलेले शेकडा किती’ असं लिहावं, म्हणजे पट्टीवर 4 किंवा त्यापुढचे. हे वाक्य मंडळाच्या कार्यकर्त्यालाही समजतं आणि नगरसेवकालाही.

सगळे फॉर्म इतके सरळ नसतात. चाळीतल्या आजोबांनीच स्वतःबद्दल ‘अजिबात नाही’ म्हटलं असतं, तर ते सुरेशरावांच्याही बरोबरीने आले असते आणि विलासरावांच्याही. तेव्हा त्यांची जागा एक आकडा नसते. ती 2 ते 4 अशी पट्ट्याने लिहावी लागते. अशा फॉर्मांमुळे टक्केवारी दोनदा काढा, एकदा ते सगळे खालच्या आकड्यावर धरून आणि एकदा वरच्या. चाळ आणि टॉवर यांतला फरक दोन्ही वेळा टिकला, तर तो भरवशाचा. टिकला नाही तर अहवालात तसं स्पष्ट म्हणावं.

काही फॉर्मांत क्रमच उलटा येतो: सुरेशरावांची अडचण मनोहररावांपेक्षा जास्त. असे फॉर्म फेकून देण्याआधी ते कुठून आले ते पाहा. एकाच कार्यकर्त्याच्या गठ्ठ्यात ते जास्त असतील, तर तो वर्णनं घाईने वाचतो आहे किंवा दारात उभ्या-उभ्या फॉर्म भरतो आहे. त्याला पुन्हा शिकवावं लागेल. सगळ्यांच्या गठ्ठ्यांत थोडे थोडे असतील, तर ती ऐकण्यातली नेहमीची चूक. पण एका इमारतीत किंवा एका भाषेच्या लोकांत ते एकवटले असतील, तर दोष वर्णनातच आहे. त्या लोकांना तो माणूस वेगळा दिसतो आहे. गिरगाव-भुलेश्वरच्या बाजूला गुजराती आणि हिंदीत फॉर्म करावे लागतात, तिथे हे विशेष घडतं. भाषांतर दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्या आणि मूळ वर्णनाशी ताडून पाहा.

या पद्धतीचा सगळा डोलारा दोन गृहीतकांवर उभा आहे. पहिलं, वर्णनातला माणूस सगळ्यांना सारखाच दिसतो. मजल्याऐवजी पायऱ्या लिहिण्याचा खटाटोप त्यासाठीच. ते तपासायला एक साधा प्रश्न पुरेसा असतो. चाळीतल्या पाच आणि टॉवरमधल्या पाच जणांना वर्णन वाचून दाखवल्यावर विचारा: ‘विलासराव तुमच्या डोळ्यांसमोर कसे उभे राहिले? कुठे राहत असतील? काय करत असतील?’ एका गटाला रोगी माणूस दिसला आणि दुसऱ्याला आळशी, तर ते वर्णन पुन्हा लिहायला हवं.

दुसरं गृहीतक अवघड आहे, आणि या भागात ते सारखं मोडतं. माणूस स्वतःला ज्या पट्टीने मोजतो, तिनेच वर्णनातल्या माणसाला मोजतो असं आपण धरलेलं असतं. पण चाळीतली खोली लहान असते, सून स्वयंपाक करत असते, शेजारी गॅलरीत उभे असतात. मनोहररावांबद्दल एखादे आजोबा मोकळेपणाने ‘खूप’ म्हणतात आणि स्वतःबद्दल सगळ्यांदेखत ‘अजिबात नाही’. घरच्यांवर भार आहोत असं वाटू नये म्हणून ते स्वतःपुरती पट्टी बदलतात. अशा वेळी मंडळाच्या कार्यालयात किंवा ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, एकेकट्याला बाजूला घेऊन फॉर्म भरावा.

पुनर्विकास चालू असलेल्या इमारतीत याच्या नेमकं उलट होतं. पाहणीतून खालच्या मजल्यावरचं घर मिळेल अशी कुणकुण लागली, की स्वतःबद्दलचं उत्तर ‘अतिशय’ होतं, आणि विलासराव, मनोहरराव मात्र जिथल्या तिथे राहतात. ही पद्धत मोजपट्टीतला फरक काढून टाकते. हेतूतला फरक काढू शकत नाही. घरवाटप, पेन्शन, अपंगत्वाचा दाखला अशा कशावरही पाहणीचा परिणाम होणार असेल, तर नमुना-वर्णनं वापरूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे डॉक्टरांची तपासणीच हवी.

गृहीतक टिकलं की नाही ते पाहण्याचा एक उपाय वस्तीतही जमतो. ‘सेज’ पाहणीत प्रश्नांबरोबर चार मीटर चालण्याचा वेळही मोजला होता. तुम्हीही काही जणांपुरतं ते करा. वऱ्हांड्यात किंवा इमारतीच्या प्रवेशाशी खडूने दोन रेघा मारा, मोबाइलच्या स्टॉपवॉचने नेहमीच्या चालीचा वेळ घ्या, आणि जोडीला एक माणूस आधाराला उभा ठेवा. मग दोन याद्या करा. एका यादीत स्वतःबद्दलचं कच्चं उत्तर आणि चालण्याचा वेळ, दुसरीत सात पायऱ्यांच्या पट्टीवरची जागा आणि चालण्याचा वेळ. हळू चालणारे पट्टीवर वर सरकलेले दिसले आणि कच्च्या उत्तरात तसं दिसलं नाही, तर वर्णनांनी काम केलं. चाळीत एक चित्र आणि टॉवरमध्ये दुसरंच दिसलं, तर कोणत्या तरी गटात लोक स्वतःला वेगळ्या पट्टीने मोजत आहेत, आणि त्या दोघांची तुलना छापू नये. परदेशांतही या गृहीतकांच्या कडक चाचण्या झाल्या, तेव्हा ती काही ठिकाणी टिकली नाहीत. म्हणून ही तपासणी ऐच्छिक समजू नका.

सर्वांना तिन्ही वर्णनं विचारायला वेळ नसेल, तर दोन घ्या, पण एकमेकांपासून पुरेशी दूर. मधलं आणि जड ही जोडी ज्येष्ठांच्या पाहणीत जास्त उपयोगी पडते, कारण सुरेशरावांजवळ बसणाऱ्या माणसाला तसंही शिबिराची घाई नसते. आणि एकाच फॉर्ममध्ये चालणं, दिसणं, झोप, स्मरणशक्ती या सगळ्यांची वर्णनं कोंबू नका. म्हातारं माणूस सातव्या गोष्टीला कंटाळतं आणि पुढचे सगळे चौकोन सारखेच भरतं.

येत्या पाहणीचा फॉर्म छापायला देण्याआधी एवढं करा: तिन्ही वर्णनं घेऊन एका चाळीत आणि एका टॉवरमध्ये पाच-पाच ज्येष्ठांकडे जा, वाचून दाखवा, आणि त्यांना त्यात काय दिसलं ते लिहून घ्या. त्यानंतरच फॉर्म पक्का करा. फॉर्म भरून झाल्यावर कच्ची उत्तरं आणि वर्णनांची उत्तरं दोन्ही जपून ठेवा. पुढच्या वर्षी इमारत पडून तेच लोक टॉवरमध्ये गेले, तर त्यांची मोजपट्टी बदलली की पाय बिघडले, हे नवे फॉर्म त्याच कागदांशी ताडून कळेल.